मीटिंगमध्ये कोणी काही बोललंच नाही, तर समरीत ‘ठरलं’ लिहायचं का?

‘मी अंधेरीला एका ऑफिसात ऑपरेशन्स टीमच्या मीटिंगची समरी लिहिते, ट्रान्सक्रिप्टवरून. सर म्हणतात, कोणी ऑब्जेक्शन घेतलं नाही म्हणजे ठरलं, लिहून टाक. समरी गेली की दोघंतिघं येऊन म्हणतात, आम्ही हो कधी म्हटलं? अशा वेळी नक्की काय लिहायचं?’

हे काम मी गेली एकोणीस वर्षं करतेय, आधी हाताने मिनिट्स लिहायचे, मग रेकॉर्डिंग ऐकून, आणि आता बहुतेक वेळा टाईप झालेला ट्रान्सक्रिप्ट समोर असतो, आणि खरं सांगू का, ट्रान्सक्रिप्ट आल्यापासून हा घोळ वाढलाय. हाताने लिहिताना मी त्या खोलीत असायचे, कोण मान हलवतंय, कोण खिडकीबाहेर बघतंय, कोणाचा चेहरा पडलाय हे दिसायचं. आता हातात फक्त शब्द येतात, आणि जो बोलला नाही तो कागदावर नसतोच.

तुमच्या सरांचं म्हणणं पूर्ण चूक नाहीये, पण त्यांच्या एका वाक्यात दोन वेगळे प्रश्न मिसळलेत, ते आधी सुटे करून घ्या. एक, निर्णय झाला का. दोन, सगळ्यांनी तो मान्य केला का. ऑफिसातल्या बहुतेक गोष्टींचा निर्णय कोणातरी एकाच्या हातात असतो. ऑपरेशन्स हेडने म्हटलं, सोमवारपासून असं करायचं, आणि ती गोष्ट त्याच्या अखत्यारीत आहे, तर निर्णय झाला. बाकीचे गप्प बसले, हसले, की चहा प्यायला उठून गेले, त्याने निर्णय कमी होत नाही की जास्त होत नाही. पण तुम्ही समरीत ‘सर्वांच्या संमतीने ठरलं’ असं लिहिलं की तुम्ही गप्प बसलेल्या प्रत्येकाच्या तोंडात ‘हो’ घातलात. भांडायला जे येतात ते बहुतेक वेळा निर्णयावर भांडत नसतात हो, त्यांच्या नावावर न बोललेला होकार चढला म्हणून येतात.

म्हणून माझी पहिली सवय अशी की ट्रान्सक्रिप्ट वाचायच्या आधीच अजेंड्यावरच्या प्रत्येक मुद्द्यासमोर पेन्सिलने लिहायचं, हे कोणाच्या हातात आहे. एकाच माणसाच्या हातात असेल तर मी त्याचं वाक्य शोधते, इतरांचं मौन नाही. दोघांच्या हातात असेल, म्हणजे समजा खर्च अकाउंट्सने मंजूर करायचा आणि काम गोडाऊनने करायचं, तर दोघांचं वाक्य लागतं. आणि समितीच्या मताने ठरायचं असेल तर तिथे नियम काय म्हणतो ते बघावं लागतं, त्यावर खाली येते.

आता एक केस सविस्तर सांगते, त्यात सगळं येईल. एक डिस्ट्रिब्युशनचं काम करणारी कंपनी, ऑफिस अंधेरीला, गोडाऊन भिवंडीला, मुद्दा असा की दुकानदारांच्या ऑर्डर घ्यायचा कटऑफ संध्याकाळी ६ वरून दुपारी ४ वर आणायचा. ऑनलाईन मीटिंग, ऑपरेशन्स हेड, सेल्सचा माणूस, अकाउंट्स, गोडाऊन इन्चार्ज आणि ऑफिसच्या मीटिंग रूममध्ये एकाच माईकवर बसलेले तिघंजण. मला हातात आलेला तुकडा हा, वेळ मीटिंग सुरू झाल्यापासूनच्या मिनिट-सेकंदांत:

२२:१४ ऑपरेशन्स: तर मग सोमवारपासून कटऑफ चार वाजता करूया, म्हणजे गाड्या वेळेत सुटतील. कुणाला काही प्रॉब्लेम?
२२:२१ सेल्स: हं.
२२:२२ मीटिंग रूम: ओके.
२२:२३ ऑपरेशन्स: चला, पुढचा मुद्दा, टेम्पोचं भाडं.

वरवर बघितलं तर काय दिसतं, प्रस्ताव मांडला, हरकत विचारली, सात सेकंद थांबले, एकाने हं म्हटलं, एकाने ओके म्हटलं, झालं. लिहून टाका ‘सर्वानुमते ठरलं’. मीसुद्धा सुरुवातीच्या वर्षांत हेच केलं असतं.

पण ते सात सेकंद सात नाहीयेत. ट्रान्सक्रिप्टमध्ये बहुतेक वेळा प्रत्येक ओळीच्या सुरुवातीची वेळ छापलेली असते, शेवटाची नाही. २२:१४ ला हेडने बोलायला सुरुवात केली, आणि ते अख्खं वाक्य मोठ्याने म्हणून बघा, सहाएक सेकंद सहज जातात. म्हणजे ‘काही प्रॉब्लेम?’ आणि ‘हं’ यांच्यामध्ये उरला जेमतेम एक सेकंद, आणि पुढचा मुद्दा सुरू व्हायला आणखी दोन. ऑनलाईन मीटिंगमध्ये माणूस म्युटवर असतो, त्याला आधी फोन जवळ ओढायचा, बटण शोधायचं, मग बोलायचं, एवढ्यात चार-पाच सेकंद जातात. म्हणजे ज्या मौनाला आपण संमती म्हणतोय त्या मौनाला कोणी तोंड उघडायला जागाच मिळाली नव्हती. मी स्वतःपुरता हिशोब ठेवलाय की प्रश्न संपल्यापासून पाच सेकंदांच्या आत पुढचा मुद्दा सुरू झाला असेल तर त्या शांततेला मी काहीच वजन देत नाही. हा काही कुठला नियम नाही, माझ्या कामातून आलेला अंदाज आहे, आणि रेकॉर्डिंग हाताशी असेल तर तो तुकडा कानाने ऐका, दोन मिनिटांचं काम आहे.

मग तो ‘हं’. मराठीत ‘हं’ म्हणजे हो नव्हे हे आपल्याला घरी बरोबर कळतं, आई फोनवर मावशीचं बोलणं ऐकताना अर्धा तास हं, हं, बरं, हं करते, म्हणून ती मावशीच्या प्रत्येक म्हणण्याला कबूल झाली असं कोणी धरत नाही. ते फक्त ‘ऐकतेय, बोल’ असतं. कागदावर टाईप झालं की मात्र तोच ‘हं’ उत्तरासारखा दिसायला लागतो. ‘बरं’ तसंच. ‘हो हो’ दोनदा पटकन आलं तर बहुतेक वेळा पुढे चला असं असतं. ‘बघू’ म्हणजे आत्ता नाही, आणि कधीकधी कधीच नाही. ‘ठीके’ मध्ये सगळं सुरावर आहे, कागदावरून सांगता येत नाही. होकार म्हणून मी सरळ घेते ते ‘चालेल’, ‘करतो’, ‘पाठवते’, ‘मला मान्य आहे’, म्हणजे जिथे माणूस स्वतःबद्दल काहीतरी बोलतो. त्यातही ‘चालेल’ च्या आधी ‘तुम्ही म्हणताय तर’ असलं तर मी ते तसंच्या तसं नोंदवते, गाळत नाही.

आणि ‘मीटिंग रूम: ओके’. हा ओके कोणाचा? एका माईकवर तिघं बसलेत, ट्रान्सक्रिप्टमध्ये तिघांचं मिळून एकच नाव येतं. त्यातला एक डिस्पॅचचा होता आणि दोघं असेच बसले होते. ऐकल्यावर कळलं की तो ओके चहावाल्या पोराला होता, टेबलवर कप ठेवायला सांगत होते. हे मी प्रत्यक्ष ऐकलंय. एका माईकवर जास्त माणसं असतील तर त्या नावाखालचा एकही होकार मी ऐकल्याशिवाय वापरत नाही.

इथवर आलो तर कोणालाही वाटेल की चला, म्हणजे काहीच ठरलं नाही, ‘निर्णय प्रलंबित’ लिहून मोकळे होऊ. तेही चूक ठरलं असतं. एकाच तुकड्यावर थांबू नका, त्या विषयाचा शब्द घेऊन अख्खा ट्रान्सक्रिप्ट शोधा, मागेही आणि पुढेही. मी ‘कटऑफ’, ‘चार वाजता’ आणि ‘सोमवार’ असे तीन शब्द टाकून शोधलं, तेव्हा दोन जागा सापडल्या. पहिली मागची:

०९:४० सेल्स: चारला बंद केलं तर दादरच्या पार्ट्यांच्या ऑर्डर दुसऱ्या दिवशी जाणार, ते ओरडतील.
०९:४८ ऑपरेशन्स: बघू त्याचं.

म्हणजे सेल्सने हरकत आधीच घेतली होती. तेरा मिनिटांनी तो ‘हं’ म्हणाला, पण आपली हरकत मागे घेतो असं काही म्हणाला नव्हता. माणूस एकदा हरकत सांगतो, समोरचा ‘बघू’ म्हणतो, मग पुन्हा विचारल्यावर तो परत तेच सांगत नाही, कारण त्याच्या लेखी ते सांगून झालेलं असतं. अशा मौनाचा अर्थ संमती लावणं हे माझ्या मते या कामातलं सगळ्यात मोठं पाप आहे. आधीची हरकत दिसली की ती मिटली का, कोणी उत्तर दिलं का, हे बघितल्याशिवाय पुढचं मौन वाचायचंच नाही.

दुसरी जागा पुढची:

३१:१० अकाउंट्स: कटऑफ चार झाला की बिलिंग पावणेपाचपर्यंत आटपायचं ना?
३१:१६ ऑपरेशन्स: हो, सोमवारपासून तसंच.
३१:२० सेल्स: मग दादरच्या पार्ट्यांना मी उद्याच कळवून ठेवतो, म्हणजे सोमवारी संध्याकाळी बोंब नको.

इथे मामला सुटला. ज्याच्या हातात होतं त्याने ‘हो, सोमवारपासून तसंच’ असं स्वच्छ म्हटलं. आणि सेल्सने, ज्याची हरकत होती, त्याने स्वतःहून पुढचं काम अंगावर घेतलं. २२:२१ चा ‘हं’ मी कधीच होकार म्हणून धरला नसता, पण ३१:२० चं वाक्य धरते, कारण ज्याला एखादी गोष्ट मान्य नसते तो ती राबवायची तारीख देत नाही. समरीत मी वेळ लिहिते तीही ३१ व्या मिनिटाची, बाविसाव्याची नाही. उद्या कोणी विचारलं कुठे ठरलं, तर बोट ठेवायला तीच जागा पक्की आहे.

मग राहिला गोडाऊन इन्चार्ज. तो ट्रान्सक्रिप्टमध्ये या विषयावर एकदाही बोललेला नाही. मीटिंगच्या हजेरीत त्याचं नाव होतं. पण हजेरीची यादी आणि जॉईन-लीव्हच्या वेळा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, ही दुसरी यादी होस्टकडून मागून घ्या, बहुतेक ऑनलाईन मीटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ती होस्टला मिळते. त्यात दिसलं की तो १८:०५ ला बाहेर पडला आणि २४:३० ला परत आला. नेटवर्क गेलं होतं. म्हणजे प्रश्न विचारला तेव्हा तो तिथे नव्हताच, आणि ३१ व्या मिनिटाला होता, पण त्याला कोणी विचारलं नाही. आणि कटऑफ बदलला की सगळ्यात जास्त कोणाचं काम हलतं? त्याचंच. लोडिंगची माणसं, गाड्यांचा नंबर, सगळं त्याच्या गळ्यात. त्याच्या मौनाला मी काहीही अर्थ लावत नाही, फक्त ‘विचारलेलं नाही’ एवढंच लिहिते.

इथे एक गोष्ट जरा थांबून सांगते. निर्णय गप्प माणसाच्या डोक्यावरून घेता येतो, पण काम त्याच्या गळ्यात मौनावरून टाकता येत नाही. समरीत ‘कटऑफ ४ वाजता’ लिहिणं वेगळं आणि ‘गोडाऊन इन्चार्ज यांनी लोडिंग ५ पर्यंत पूर्ण करायचं मान्य केलं’ लिहिणं वेगळं. कामाची, तारखेची, रकमेची जबाबदारी ज्या नावासमोर लिहाल त्या माणसाचं स्वतःचं वाक्य हवं. नसेल तर नावासमोर ‘सुपूर्द, होकार बाकी’ लिहा. नाव, काम आणि तारीख हे तीन कॉलम बघून लोक मीटिंग झाली विसरून जातात आणि समरीवरून कामाला लागतात, म्हणून तिथे मी सगळ्यात जास्त कंजूष आहे.

हे मी शिकले ते एका चुकीतून, आणि ती चूक मला अजून बोचते. बऱ्याच वर्षांपूर्वी एका कंपनीत ट्रान्सपोर्टरच्या दरवाढीवर कॉल होता. दर वाढवून द्यायचा प्रस्ताव आला, ‘सगळ्यांना ओके ना’ असं विचारलं, कोणी बोललं नाही, मी लिहिलं ‘दरवाढ सर्वानुमते मंजूर’. त्या समरीवरून ऑर्डर निघाली. महिनाअखेरीला फायनान्स मॅनेजरकडे बिल गेलं आणि ते माझ्या टेबलाजवळ येऊन उभे राहिले. ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, ‘ताई, माझ्यासमोर आकडाच नव्हता, मी कशाला हो म्हणणार?’ मी रेकॉर्डिंग पुन्हा ऐकलं. दरांची शीट ‘कॉलनंतर पाठवतो’ असं कोणीतरी म्हटलं होतं, आणि ती खरोखरच कॉलनंतर गेली होती. म्हणजे ज्याची मंजुरी लागते त्याने कागद पाहिलाच नव्हता. तो गप्प होता कारण त्याच्या हिशोबाने अजून ठरवायची वेळच आली नव्हती. पुढे ते निस्तरायला दोन महिने गेले, ट्रान्सपोर्टर वाढीव दर सोडायला तयार नाही, कारण त्याच्या हातात लेखी होतं, आणि ते लेखी माझ्या समरीवरून गेलं होतं. तेव्हापासून मी मौन वाचताना एक प्रश्न हमखास विचारते, बोलायला लागणारी माहिती त्याच्याकडे होती का.

आता लोक ‘मौनं संमतिलक्षणम्’ सुनावतात. तुमच्या सरांनीही कदाचित सुनावलं असेल. पण आपल्याच भाषेत ‘मूग गिळून गप्प बसला’ असंही म्हणतात, आणि मूग गिळणारा माणूस मनातून राजी असतो असं कोणी समजत नाही. मौनाचा एकच अर्थ आपल्याकडे कधीच नव्हता. त्यात ऑफिसात वरचा माणूस खालच्यांना ‘कुणाला काही प्रॉब्लेम?’ विचारतो तेव्हा प्रॉब्लेम आहे म्हणायला हिंमत लागते. म्हणून प्रश्न कसा विचारला तेही बघा. ‘कुणाला हरकत?’ हा हवेत सोडलेला प्रश्न. ‘तुमच्या गोडाऊनला चारला जमेल का?’ हा नाव घेऊन विचारलेला प्रश्न. दुसऱ्यानंतर आलेलं मौन खूप बोलकं असतं, आणि गंमत म्हणजे ते बहुतेक वेळा नकाराच्या बाजूचं असतं. नाव घेऊन विचारल्यावरही माणूस गप्प राहिला तर मी ते ‘उत्तर आलं नाही’ असंच लिहिते.

मग मौन कधीच चालत नाही का? चालतं, जिथे आधीच नियम करून ठेवलाय तिथे. याची चांगली जोडी कंपन्यांच्या बोर्ड मीटिंगच्या नियमांत सापडते. इन्स्टिट्यूट ऑफ कंपनी सेक्रेटरीज ऑफ इंडियाचं एसएस-१ म्हणून सेक्रेटरियल स्टँडर्ड आहे, १ जुलै २०१५ पासून लागू. त्यात असं आहे की मीटिंग संपल्यापासून १५ दिवसांत मिनिट्सचा मसुदा सगळ्या संचालकांना पाठवायचा, आणि पाठवल्यापासून ७ दिवसांत ज्या संचालकाने काही कळवलं नाही त्याने मसुदा मंजूर केला असं धरायचं. म्हणजे इथे मौन म्हणजे होकार, लेखी नियमाने. पण त्याच कायद्याच्या दुनियेत, मीटिंग न घेता ठराव नुसता फिरवून मंजूर करायचा असेल, कंपनी कायदा २०१३ चं कलम १७५, तर तिथे मत द्यायचा हक्क असलेल्या संचालकांच्या बहुमताने होकार यावा लागतो. मुदतीत तेवढे होकार आले नाहीत तर ठराव झाला नाही असंच धरतात. इथे उत्तर न देणाऱ्याचं मौन होकारात मोजलं जात नाही.

दोन्ही नियम शेजारी ठेवून बघा, फरक फार कामाचा आहे. पहिल्यात मौनाने फक्त एवढंच ठरतं की घडलेलं तुम्ही बरोबर लिहिलंय. दुसऱ्यात मौनाने नवीन निर्णय जन्माला घालायचा होता, आणि तो घालू देत नाहीत. तुमच्या समरीसाठी मी हेच वापरते. समरी पाठवताना खाली लिहा, ‘यात काही चुकलं असेल तर गुरुवारी संध्याकाळी ६ पर्यंत कळवा, नाहीतर नोंद अशीच कायम राहील.’ हे चालतं, कारण यात लोक नोंदीबद्दल गप्प राहणार आहेत. पण जे मीटिंगमध्ये ठरलंच नाही ते ‘ठरलं’ म्हणून समरीत टाकायचं, आणि मग गुरुवारपर्यंत कोणी बोललं नाही म्हणून ते ठरलं म्हणायचं, हे चालत नाही. हा डाव लोक नकळत खेळतात, मुद्दाम नाही, पण परिणाम तोच. तुमच्या टीमला मौन म्हणजे होकार असा नियम हवाच असेल तर सरांनी तो आधी सांगावा, किती वेळात, कोणत्या विषयांना, आणि सुट्टीवरच्या माणसाचं काय, आणि तो पुढच्या मीटिंगपासून लागू करावा. झालेल्या मीटिंगला मागून लावू नये. सोसायटीच्या किंवा कंपनीच्या औपचारिक मीटिंग असतील तर तिथे त्यांचे त्यांचे नियम आणि उपविधी आहेत, तिथे ही माझी ऑफिसातली पद्धत वापरू नका.

चॅट बॉक्स राहिलाच. ट्रान्सक्रिप्टमध्ये बोललेलं येतं, चॅटमध्ये टाईप केलेलं बऱ्याचदा वेगळ्या फाईलमध्ये पडतं. ज्यांना मोठ्याने विरोध करायचा नसतो ते चॅटमध्ये लिहितात, ‘मला शुक्रवार अवघड आहे’, आणि बोलणाऱ्याचं लक्ष नसतं. ट्रान्सक्रिप्टमध्ये मौन, चॅटमध्ये हरकत. चॅट न बघता ‘हरकत आली नाही’ असं लिहू नका.

आता शब्द. मी पाचसहा ठरलेली वाक्यं वापरते आणि त्यातली निवड करताना हात आखडता ठेवते. ज्याच्या हातात होतं त्याने सांगितलं असेल तर ‘अमुक यांनी निर्णय दिला’. संबंधित लोक तोंडाने हो म्हणाले असतील तर ‘अमुक आणि तमुक यांनी मान्य केलं’, नावं घेऊन. प्रश्न नीट विचारला, सगळे हजर होते, वेळ दिला, आणि कोणी काही बोललं नाही, तर ‘प्रस्ताव मांडला, हरकत आली नाही’, बस, एवढंच, यात ‘मान्य’ हा शब्द येत नाही. हरकत आली आणि मिटली नाही तर ‘अमुक यांची हरकत, उत्तर बाकी’. विचारलंच नसेल तर ‘अमुक यांना विचारायचं आहे’. ‘सर्वानुमते’ हा शब्द मी फक्त तेव्हाच लिहिते जेव्हा प्रत्येकाचं नाव घेऊन विचारलेलं असतं, म्हणजे वर्षातून एखाद-दोनदा. सरांना सुरुवातीला हे किचकट वाटेल, त्यांना सांगा की ‘हरकत आली नाही’ हे त्यांच्या विरुद्ध काही नाही, उलट उद्या कोणी पलटलं तर त्यांच्या हातात खरी नोंद असेल.

त्या कटऑफच्या मीटिंगची समरी मी अशी लिहिली होती:

‘ऑर्डरचा कटऑफ सोमवारपासून दुपारी ४ (आधी ६). निर्णय: ऑपरेशन्स हेड, ३१:१६. दादरच्या ऑर्डर दुसऱ्या दिवशी जातील अशी सेल्सची हरकत (०९:४०), त्यावर उत्तर झालं नाही, मात्र सेल्स उद्या दुकानदारांना कळवणार (३१:२०). बिलिंग पावणेपाचपर्यंत, अकाउंट्स. गोडाऊन इन्चार्ज हरकत विचारली तेव्हा कॉलवर नव्हते (१८:०५ ते २४:३०), लोडिंगबाबत त्यांना विचारायचं आहे.’

लक्षात घ्या, सेल्सची हरकत मी पुसली नाही. तो राबवायला तयार झाला, त्याचा अर्थ त्याला पटलं असा होत नाही, आणि पुढच्या महिन्यात दादरहून तक्रारी आल्याच तर हे आधी सांगितलं होतं हे त्याला दाखवता यायला हवं. आणि टेम्पोच्या भाड्याचा मुद्दा, जो लगेच पुढे आला, तिथे ‘बघू’ आणि ‘बघूया’ चार वेळा होतं, एकही तारीख नाही, एकही रक्कम नाही, तर तिथे मी फक्त ‘चर्चा झाली, निर्णय नाही’ लिहिलं. त्यावर हेड थोडे नाराज झाले, म्हणाले आपण नवीन टेम्पोवाला घ्यायचंच ठरवलं होतं. मी त्यांना विचारलं, कोणत्या वाक्यात? त्यांनी स्वतः ट्रान्सक्रिप्ट वाचला आणि म्हणाले, हां, मनात ठरवलं होतं.

समरी पाठवायच्या आधी मी हेडना विचारून गोडाऊन इन्चार्जला फोन लावला, कारण त्याचं उत्तर आलं नाही तर सोमवारी सकाळी भिवंडीत गोंधळ होणार होता. तो म्हणाला, ‘मॅडम, चारचं ठीक आहे, पण माझी दुसरी गाडी सोमवारी बाहेर असते, पाचनंतर येते, मंगळवारपासून करा ना.’ मी ते हेडना कळवलं, त्यांनी मेसेजवर लिहिलं, ‘ओके, मंगळवार’, आणि समरीत सोमवार खोडून मंगळवार गेला, खाली एक ओळ जोडून, की तारीख मीटिंगनंतर फोनवर बदलली, कोणी आणि का. सेल्सलाही लगेच सांगितलं, तेव्हा तो दादरच्या दुकानदारांना फोन लावायलाच बसला होता.